शिडीचं टोक प्रकाशाला मागे टाकतं का?

भिंतीला टेकवलेली शिडी खालून ओढली, तर जमिनीला टेकताना तिच्या वरच्या टोकाचा वेग अनंत होतो आणि हे म्हणे 'गणिताने सिद्ध' झालंय, असा मजकूर फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. वर 'आइन्स्टाइन चुकला' अशी फोडणीही होती. गंमत म्हणजे त्यातली आकडेमोड बरोबर आहे.

शिडी ५ मीटर लांबीची घेऊ. तिचा पाय भिंतीपासून x मीटरवर आहे, टोक जमिनीपासून y मीटर उंचीवर. पाय आपण सेकंदाला ५० सेंटीमीटर या ठरावीक वेगाने बाहेर ओढतोय. पाय ३ मीटरवर असताना टोक किती वेगाने खाली येत असेल?

पायथागोरसमुळे x आणि y एकमेकांना बांधलेले आहेत:

x² + y² = 25

बहुतेकांची घसरगुंडी इथेच होते. प्रश्नात ३ दिसला की हात शिवशिवतात आणि लगेच x = 3 भरला जातो. मग y = 4 मिळतो, पण दोन्ही आकडे गोठलेले असतात. स्थिर आकड्याचं विकलन शून्य, म्हणजे शिडी हलतच नाही! x आणि y काळानुसार बदलत असतानाच आधी विकलन करायचं, आकडे नंतर भरायचे.

2x·(dx/dt) + 2y·(dy/dt) = 0
dy/dt = −(x/y)·(dx/dt)

आता एकके तपासू. x/y म्हणजे मीटर भागिले मीटर, नुसता आकडा. त्यामुळे उत्तराला dx/dt चंच एकक मिळणार. मात्र लांबी मीटरमध्ये आणि वेग सेंटीमीटरमध्ये असेल, तर ५० घातल्यावर येणारे ३७.५ हे सेकंदाला सेंटीमीटर असतात. ते मीटर समजून लिहिले, तर टोक शंभर पट वेगाने खाली येतं. म्हणून ०.५ मीटर घेऊ: −(३/४) × ०.५ = −०.३७५ मीटर दर सेकंदाला. उणे चिन्ह सांगतं की y कमी होतोय.

पाय ४ मीटरवर पोचला की हाच वेग ०.६७ होतो, ४.८ मीटरवर १.७, आणि ४.९९ मीटरवर जवळपास ७.९. छेदातला y शून्याकडे जातो तसा वेग भडकत जातो. टोक जमिनीपासून सुमारे ८ नॅनोमीटरवर असताना हे सूत्र प्रकाशाचा वेग देतं! मजकूर लिहिणाऱ्याने इथवरच वाचलं असावं.

टोक भिंतीला चिकटूनच राहतं हे आपण सुरुवातीला गृहीत धरलं. पण भिंत फक्त ढकलू शकते, ओढू शकत नाही. मनाने शिडीच्या पायाशी बसून बघा. पायाचा वेग स्थिर असल्यामुळे तिथून शिडी पायाभोवती फिरणाऱ्या दांडीसारखी दिसते. तिचं वजन तिला खाली पाडू पाहतं, भिंतीचा रेटा तिला थोपवून धरतो. सुरुवातीला वजनाचा जोर जास्त असतो, भिंतीला ढकलत राहावं लागतं. पुढे मात्र भिंतीला टेकून राहायचं तर टोकाने इतक्या झपाट्याने पडायला हवं, की तेवढं गुरुत्वाकर्षणाला जमत नाही. रेटा शून्यावर येतो आणि टोक भिंतीपासून सुटतं.

वजन सगळीकडे सारखं असलेल्या शिडीसाठी पायाभोवतीच्या फिरण्याचं समीकरण मांडून रेटा शून्य धरला, की सुटण्याची उंची मिळते (L म्हणजे लांबी, v पायाचा वेग, g गुरुत्वत्वरण):

y³ = 2v²L² / (3g)

मधल्या पायऱ्या गाळल्यात, पण एकके बघा. v² मध्ये मीटर²/सेकंद², L² मध्ये मीटर², आणि भागायला मीटर/सेकंद². सेकंद उडून जातात, उरतो मीटर³, डावीकडेही तोच. सूत्र बरोबर असल्याचा हा पुरावा नाही, कारण २/३ च्या जागी ३/२ लिहिलं तरी एकके कुरकुर करणार नाहीत. पण एखादा वर्ग राहून गेला असता, तर इथेच पकडला गेला असता.

आकडे घातले की y येतो सुमारे ०.७५ मीटर. टोक पाऊण मीटरवर असतानाच भिंत सोडतं. त्या क्षणी त्याचा वेग सेकंदाला ३.३ मीटर असतो. पुढे टोक मोकळं पडतं आणि जमिनीवर आदळताना खाली येण्याचा वेग सुमारे ५.८ मीटर होतो, म्हणजे तासाला जेमतेम २१ किलोमीटर. यात शिडीचं वस्तुमान कुठेच येत नाही. भिंत खरखरीत असली तरी सुटण्याची उंची बदलत नाही, कारण रेटाच शून्य झाला की घर्षणही शून्य.

३० सेंटीमीटरची पट्टी पुस्तकांच्या उभ्या चळतीला टेकवून तिचा पाय सेकंदाला ५ सेंटीमीटर वेगाने ओढला, तर हे सूत्र सुटण्याची उंची सुमारे अडीच सेंटीमीटर सांगतं. मोबाइलवर संथ गतीचं चित्रण करा. पट्टी आणि पुस्तक यांच्यातली बारीक फट त्यात शोधायची आहे.