टॅकोमीटरची लाल रेषा: चुगली करणाऱ्या काट्यापासून लुकलुकत्या दिव्यापर्यंत

नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर रात्री सिग्नलला क्लच दाबून रेस पिळणारी पोरं हमखास दिसतात. इंजिनाचा वेग दाखवणाऱ्या टॅकोमीटरचा काटा लाल पट्ट्यात शिरतो, मीटरवरचा दिवा लुकलुकतो आणि सायलेन्सरमधून फट-फट-फट असा तुटक आवाज येतो. बघणाऱ्याला वाटतं, आता इंजिन फुटणार. पिळणारा निर्धास्त असतो, कारण इंजिनाला ठरलेल्या वेगापुढे जाऊ न देणारा लिमिटर आहे म्हणजे काही होत नाही असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. दोघंही अर्धेच बरोबर आहेत.

रेसिंगमध्ये आधी लिमिटर नव्हता, होती ती चुगली. जुन्या रेस गाड्यांच्या टॅकोमीटरला टेल-टेल नावाचा दुसरा काटा असायचा. मुख्य काटा खाली आला तरी हा काटा सर्वांत वरच्या आकड्यावर अडकून राहायचा. गाडी पिटमध्ये आली की मेकॅनिक आधी तो बघायचा. ड्रायव्हरने कितीही नाही म्हटलं तरी आकडा समोरच असे. पण तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं.

इंजिनाला आपोआप आवरण्याची साधी युक्ती पुढे स्पार्क प्लगना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या रोटरमध्ये आली. बॉशचे असे रोटर जुन्या पोर्शे ९११ मध्ये होते. रोटरमध्ये स्प्रिंगला बांधलेलं छोटं वजन असे. ठरलेल्या वेगाला ते बाहेर फेकलं जाई, स्पार्कची वीज परस्पर अर्थिंगला जाई आणि इंजिन मिसफायर व्हायला लागे. वेग उतरला की वजन आत, स्पार्क पुन्हा सुरू. आजच्या फट-फटचा पूर्वज तो हाच. पुढे कार्ब्युरेटरवाल्या बाइकवर हेच काम स्पार्क सांभाळणारा सीडीआय नावाचा इलेक्ट्रॉनिक डबा करू लागला. खोट एकच होती, स्पार्क बंद झाला तरी पेट्रोल येतच राहायचं. ते न जळता सायलेन्सरमध्ये जाऊन तिथे पेटायचं. फ्युएल इंजेक्शन आल्यावर इंजिनाच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, थेट पेट्रोलच तोडता येऊ लागलं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर आपल्याकडच्या बाइकही जवळपास सगळ्या इंजेक्शनवर आल्या. त्यानंतरही मुद्दाम ट्यून बदलून पटाके काढणारे आहेतच. त्यात आधी तापतो तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, आणि तो स्वस्त नाही.

गिअर बदलायची खूण देणारा दिवा आला तो वेगळ्याच अडचणीतून. जोरात ॲक्सिलरेट करताना नजर रस्त्यावर असते, काट्यावर नाही. माझदाच्या आरएक्स-७ मध्ये त्यासाठी चक्क बझर होता, कारण रोटरी इंजिन इतकं गुळगुळीत चढतं की थरथर किंवा आवाजावरून काही कळतच नाही. आपल्या रस्त्यांवर शिफ्ट लाइट तरुणांच्या ओळखीचा झाला तो २०१२ च्या केटीएम २०० ड्यूकसारख्या बाइकमुळे. हा दिवा रेडलाइनच्या, म्हणजे लाल रेषेच्या, बराच अलीकडे लावायचा असतो. पहिल्या गिअरमध्ये आरपीएम सेकंदाला ३,००० ने चढतंय आणि दिवा दिसल्यापासून पाय हलेपर्यंत पाव सेकंद जातो असं धरा. तेवढ्यात ७५० आरपीएम निघून गेले. दिवा नेमका रेडलाइनवर ठेवला तर प्रत्येक वेळी लिमिटरलाच धडकाल.

आता ती रेषा नेमकी तिथेच का? यामाहा आर१५ व्ही३ घेऊ. तिच्या पिस्टनचा स्ट्रोक, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर, ५८.७ मिलिमीटर. १०,००० आरपीएमला पिस्टन सेकंदाला सरासरी साडेएकोणीस मीटर धावतो, आणि प्रत्येक टोकाला थांबून उलटा फिरतो. वरच्या टोकाला उलटताना त्याच्यावरचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या चार हजार पटींच्या घरात जातं. पिस्टन आणि पिन मिळून १५० ग्रॅमची धरली, तर कनेक्टिंग रॉडवर साधारण ६०० किलोचा ओढा पडतो. सर्वांत वाईट क्षण असतो एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी. तेव्हा वर पेटलेल्या वायूचा दाब नसतो, पिस्टनला खाली ढकलणारं कुणी नसतं, सगळा भार एकट्या रॉडने ओढायचा. हा भार आरपीएमच्या वर्गाने वाढतो: १०,००० चे ११,००० केले तर आरपीएम दहा टक्के चढतात, ओढा एकवीस टक्के. वॉल्व्हच्या स्प्रिंगचंही तसंच. एका मर्यादेनंतर वॉल्व्ह त्याला उघडणाऱ्या कॅमच्या मागे धावू शकत नाही, उशिरा बंद होतो आणि पिस्टनवर आपटू शकतो. कंपनी रेडलाइन ठरवते ती असं काही तुटू नये म्हणून, हाताशी थोडं अंतर राखून.

म्हणजे रेडलाइन तुटण्याची हद्द सांगते, झिजण्याची नाही. झिजेला अशी रेषाच नसते. ९,००० आरपीएमला रिंगा मिनिटाला ४,५०० च्या दुप्पट घासतात, एवढं खरं. पण बेअरिंगमध्ये वेग वाढला की ऑइलचा थर उलट नीट तयार होतो. धातूला धातू लागतो तो मुख्यतः स्टार्ट करताना, आणि थंड इंजिनाला रेस दिल्यावर. बीएमडब्ल्यूने ई३९ एम५ आणि ई४६ एम३ मध्ये हे थेट टॅकोमीटरवरच दाखवलं: वरच्या आकड्यांवरचे दिवे इंजिन थंड असताना पेटलेले असत आणि ऑइल तापेल तसे एकेक विझत जात. सकाळी इंजिन थंड असताना सोसायटीच्या गेटातून निघून घोडबंदर रोडला लागताच पूर्ण पिळणाऱ्याची बाइक अधूनमधून रेडलाइन गाठणाऱ्यापेक्षा लवकर झिजते, असं माझं ठाम मत आहे.

लिमिटरची मर्यादाही इथेच कळते. तो पेट्रोल किंवा स्पार्क तोडू शकतो. चाकांनी इंजिन ढकललं तर त्याच्या हातात काही नाही. अनेक छोट्या कारमध्ये दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर १.९ आणि तिसऱ्याचं १.२८ च्या आसपास असतं. तिसऱ्यात ६,००० वर असताना चौथा टाकायचा होता आणि घाईत दुसरा पडला, तर क्लच सुटताच इंजिन ८,९०० कडे खेचलं जातं. ईसीयूने सगळं बंद केलं तरी पिस्टन फिरतोच. वाकलेल्या वॉल्व्हचं काम असंही निघतं. बाइकला गिअर ओळीनेच पडत असल्याने हा धोका कमी, पण ब्रेक मारताना दोन गिअर झटकन खाली टाकले तर तोच प्रकार.

म्हणूनच पोर्शेचा ईसीयू हे ओव्हर-रेव्ह टप्प्याटप्प्याने नोंदवून ठेवतो. जुनी पोर्शे घेणारे तो रिपोर्ट मागतात आणि सर्वांत वरच्या टप्प्यांतल्या नोंदी कधीच्या आहेत ते बघतात. आपण वापरलेली ड्यूक किंवा आर१५ घ्यायला जातो तेव्हा असा कागद सहसा हाती पडत नाही. मग गॅरेजवाल्याला ऑइल फिल्टर काढून उजेडात धरायला सांगायचं. घड्यांमध्ये चमचमणारी पूड दिसली, किंवा रेस सोडताना मागून निळा धूर आला, तर मालक "एकदाही लिमिटरला लावली नाही" म्हणत असला तरी किमतीत इंजिनाचं काम धरूनच बोलायचं.