स्प्रिंट गोल कसा लिहायचा आणि अर्ध्या वाटेवर काय तपासायचं
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडे काम दिलंत की दर दुसऱ्या सोमवारी तुम्हाला प्लॅनिंगच्या बैठकीचं बोलावणं येतं. त्या आठवड्याच्या शुक्रवारी दुपारनंतर आमचा फोनही येतो, 'वीस मिनिटं मिळतील का?' बरेच जण म्हणतात, 'काम तुमचं तुम्ही करा, आम्हाला शेवटी दाखवा.' ही वीस मिनिटं आम्ही का मागतो आणि त्यात तुम्ही काय करायचं असतं, ते या पत्रकात सांगतो. महाप्याच्या एमआयडीसीत आमची टीम आठ जणांची आहे, त्यामुळे चुकीच्या कामात घालवलेला दिवस आम्हालाही परवडत नाही.

आमचा स्प्रिंट दोन आठवड्यांचा, म्हणजे कामाच्या दहा दिवसांचा असतो. त्या दहा दिवसांत काय साधायचं हे एका वाक्यात लिहिलेलं असतं, तोच स्प्रिंट गोल. तो लिहिताना गोलगोल बोलून चालत नाही. खाली एका ग्राहकाचं उदाहरण त्यांना विचारून दिलं आहे. नाव दिलेलं नाही, आणि आकडे नमुन्याचे आहेत.

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधला एक गाळा

या गाळ्यावर माल विकला की शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा आणि कपातींचा हिशोब, मेहताजी हाताने लिहायचे, खाली कार्बन ठेवून. पट्टी गावी पोचायला दोन-तीन दिवस लागायचे आणि तोवर शेतकऱ्यांचे फोन चालू. मालकांना हे काम सॉफ्टवेअरवर आणायचं होतं.

बैठकीत लिहिलेला पहिला गोल असा होता: 'पट्टी मॉड्यूल पूर्ण करणे, मेहताजींचं लॉगिन करणे, आवकेचा रिपोर्ट देणे.' हा गोल नाही, कामांची यादी आहे. यादीतलं एक काम अडलं तर बाकीच्यांपैकी कशाला हात लावायचा आणि काय सोडायचं, याचं उत्तर तिच्यात मिळत नाही. वाक्यात स्वल्पविराम वाढायला लागले की आम्ही पेन खाली ठेवतो.

मग कोणीतरी म्हणालं, फक्त 'पट्टी मॉड्यूल पूर्ण करणे' ठेवू. वाक्य आटोपशीर झालं, पण पूर्ण झालं हे ठरवणार कोण? आमचा प्रोग्रामर म्हणेल झालं, मेहताजी म्हणतील नाही, आणि दोघंही खरं बोलत असतील.

शेवटी मालकांनाच विचारलं की दोन आठवड्यांनी गाळ्यावर काय वेगळं दिसायला हवं. ते पटकन म्हणाले, 'ज्या दिवशी माल विकला, त्याच संध्याकाळी शेतकऱ्याच्या व्हॉट्सअॅपवर पट्टी पडली पाहिजे.' तेच वाक्य आम्ही जसंच्या तसं उतरवून घेतलं. खाली एक ओळ जोडली: दुसऱ्या शुक्रवारी गाळ्यावर बसून त्या दिवशीच्या पाच खऱ्या पट्ट्या पाठवून दाखवू.

गोल लिहून झाला की आम्ही तो दोन बाजूंनी तपासतो. ठरलेल्या कामांपैकी कुठलंही एक काढलं तरी गोल मोडत असेल, तर आपण यादीच वेगळ्या शब्दांत लिहिली आहे आणि पुढे हात हलवायला जागा नाही. उलट कुठलंही काम काढलं तरी गोलाला काही होत नसेल, तर तो इतका मोघम आहे की कशालाही लागू पडेल. 'ग्राहकांना चांगला अनुभव देणे' हा दुसऱ्या जातीतला. या दोन टोकांच्या मध्ये बसणारं वाक्य हवं.

त्या स्प्रिंटसाठी बोर्डावर नऊ कार्डं लागली. विक्रीची नोंद भरायचा स्क्रीन, कपातींचा हिशोब, पट्टीचा मराठी नमुना, व्हॉट्सअॅपवर आपोआप पाठवणं, जुन्या एक्सेलमधून शेतकऱ्यांची नावं-नंबर आणणं, चुकलेली पट्टी रद्द करून नवी काढणं, मेहताजींचं लॉगिन, महिन्याच्या आवकेचा रिपोर्ट आणि मालकांसाठी एक आलेख. शेवटची दोन कार्डं गोलाशी फारशी बांधलेली नाहीत हे तेव्हाच दिसत होतं. तरी ती राहू दिली, कारण स्प्रिंटमधलं प्रत्येक काम गोलासाठीच असलं पाहिजे असा काही नियम नाही. पण ती सगळ्यात शेवटी घ्यायची हे सांगायचं आम्ही विसरलो.

पहिला शुक्रवार

पाच दिवस झाले होते आणि नऊपैकी पाच कार्डं 'झालं'च्या रकान्यात होती. वेळ निम्मा गेलाय, काम निम्म्याहून जास्त झालंय, असं समजून आम्ही खूश. मग कोणीतरी गोल मोठ्याने वाचला आणि विचारलं, आत्ता या क्षणी आपण एक तरी पट्टी पाठवू शकतो का?

नाही पाठवू शकत.

झालेली पाच कामं होती स्क्रीन, नमुना, लॉगिन, रिपोर्ट आणि आलेख. सोपी कामं आधी उरकली जातात, हा सगळीकडचाच अनुभव. गोलाचा जीव ज्या कामांत होता, ती चारही बाकी होती. म्हणून अर्ध्या वाटेवर आम्ही आता कार्डं मोजत नाही. उरलेलं एकेक कार्ड हातात घेऊन विचारतो: हे केलं नाही तर दुसऱ्या शुक्रवारी गोल साधेल की नाही?

त्या दिवशी चार कार्डांना चार वेगळी उत्तरं मिळाली.

जुनी नावं-नंबर आणण्याचं काम आम्हाला अत्यावश्यक वाटत होतं. एक्सेल उघडून पाहिली तर एकाच शेतकऱ्याचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं, निम्म्या नंबरांत एखादा आकडा कमी. ती साफ करण्यातच चार दिवस गेले असते. पण गोलाला सगळे शेतकरी लागत नाहीत, ज्यांची गाडी आज आली तेवढेच लागतात. त्यांचा नंबर मेहताजी गाडी उतरवतानाच विचारून घेऊ शकतात. ते कार्ड काढलं आणि त्याच्या जागी नंबर भरायची एक चौकट आली. दोन तासांचं काम.

आपोआप पाठवण्याचं काम दुसऱ्याच्या हातात अडकलं होतं. व्यवसाय खात्यातून आपण होऊन असे संदेश पाठवायचे तर संदेशाचा नमुना आधी व्हॉट्सअॅपकडून मंजूर करून घ्यावा लागतो. इथे कागदपत्रांवरचं पेढीचं नाव आणि अर्जातलं नाव यांत फरक निघाला होता, म्हणून सगळं थांबलेलं. वाट पाहत बसलो असतो तर गोल हातचा गेला असता. पण गोलात 'आपोआप' हा शब्द कुठेच नाही! पट्टी पोचायला हवी, एवढंच आहे. म्हणून स्क्रीनवर 'पाठवा' असं बटण दिलं. ते दाबलं की मेहताजींच्या फोनवरून नेहमीसारखी फाइल जाते. पट्टीमागे अर्धा मिनिट धरला तर चाळीस पट्ट्यांना वीस मिनिटं. हा कायमचा उपाय नाही आणि तसं आम्ही मालकांना स्पष्ट सांगितलं. मंजुरीचा अर्ज तसाच चालू ठेवला.

चुकलेली पट्टी रद्द करण्याचं कार्ड आम्ही स्वतः काढायला निघालो होतो, पुढच्या वेळी बघू म्हणून. फोनवर मालक एकदम म्हणाले, 'अहो, चुकीची पट्टी गेली आणि दुरुस्त करून लगेच दुसरी गेली नाही, तर पुढची गाडी शेजारच्या गाळ्यावर लागते.' कार्ड राहिलं. हे आमच्या ऑफिसात बसून आम्हाला कळणं शक्य नव्हतं. वीस मिनिटं मागतो ती यासाठीच.

चौथं कार्ड कपातींच्या हिशोबाचं. ते जवळपास झालं असं प्रोग्रामरचं म्हणणं होतं, म्हणून मेहताजींनी लिहिलेली एक जुनी पट्टी त्याच्याशी ताडून पाहिली. बासष्ट गोणी, वजन ३,०६८ किलो, भाव किलोला १८ रुपये, म्हणजे ५५,२२४ रुपये. भाडं ३,१००, हमाली-तोलाई मिळून ६२०. स्क्रीनवर हातात पडणारी रक्कम आली ५१,५०४. मेहताजींच्या कागदावर होती ४६,५०४.

बरोबर पाच हजारांचा फरक. शेतकऱ्याने आधी घेतलेली उचल! ती मेहताजींच्या डोक्यात आणि वेगळ्या वहीत होती, आमच्या कुठल्याच कार्डावर नव्हती. नुसती उरलेली कार्डं तपासली असती तर ही चूक शेवटच्या शुक्रवारी शेतकऱ्यासमोर उघडी पडली असती. तेव्हापासून अर्ध्या वाटेवर आम्ही आणखी एक गोष्ट विचारतो: गोलाला लागणारं, पण बोर्डावर नसलेलं काही आहे का? याचं उत्तर चर्चेतून क्वचितच मिळतं. खरा कागद समोर ठेवला की मिळतं.

दुसऱ्या शुक्रवारी पाच पट्ट्या गेल्या. एकीत नंबर चुकल्याने ती भलत्याच माणसाकडे पोचली आणि रद्द करण्याच्या सोयीचं उद्घाटन तिथेच झालं.

ग्राहकांकडून नेहमी येणारे प्रश्न

'मध्येच नवीन काम सांगितलं तर?' सांगा. याच मालकांनी बुधवारी खरेदीदाराचं बिलही मागितलं होतं. त्याने गोल साधायला मदत होत नव्हती, म्हणून ते पुढच्या यादीत वरती ठेवलं. गोलाला मदत करणारं असतं तर दुसरं काहीतरी बाजूला ठेवून घेतलं असतं.

'काढलेल्या कामाचे पैसे?' स्प्रिंटचा दर टीमच्या दहा दिवसांचा असतो, कार्डांचा नव्हे. काढलेलं काम तुमच्या यादीत परत जातं आणि त्याचं वेगळं बिल लागत नाही. मात्र पुढे ते घेतलं की तेव्हाचे दिवस त्यात जातात. काही ग्राहकांना हे खटकतं. त्यांना आम्ही कामं नेमून ठरलेल्या रकमेचा करार सुचवतो, पण त्यात अर्ध्यावर वाट बदलण्याची मोकळीक राहत नाही.

'गोलच बदलला तर?' शब्द थोडे स्पष्ट करायला हरकत नाही. झालेल्या कामाला साजेसा गोल मागाहून लिहायचा मात्र नाही. आणि धंद्यातच असं काही घडलं की गोलाला अर्थच उरला नाही, तर स्प्रिंट तिथेच थांबवता येतो. स्प्रिंटची ही पद्धत ज्या स्क्रममधली, त्याच्या २०२० च्या गाइडमध्ये हा अधिकार फक्त प्रॉडक्ट ओनरला दिला आहे. आमच्या कामात प्रॉडक्ट ओनर म्हणजे तुम्ही नेमलेली व्यक्ती, आम्ही नाही. म्हणून ती व्यक्ती निर्णय घेऊ शकणारी असावी. 'साहेबांना विचारून सांगतो' म्हणणारा माणूस बसला तर शुक्रवारचा फोन सोमवारवर जातो आणि उरलेल्या पाचातला एक दिवस फुकट जातो.

सोमवारच्या बैठकीला येताना ज्या कामाबद्दल बोलायचं आहे त्याचे चार-पाच खरे कागद आणा: पट्टी, चलन, वहीचं पान, जे असेल ते. त्यातला एक मुद्दाम गुंतागुंतीचा निवडा, ज्यात खाडाखोड झाली आहे किंवा कोपऱ्यात पेन्सिलीने काहीतरी लिहिलं आहे. शुक्रवारी तोच आम्ही पुन्हा मागू.