कोर्टाचं बोर्ड कोलमडतं कुठे? उशीर पुढे जातो, वाचलेला वेळ जात नाही

परवा एका वकील मैत्रिणीशी कोर्टाच्या बोर्डावरून, म्हणजे त्या दिवशी चालणाऱ्या मॅटरच्या यादीवरून, बराच वाद झाला. तिचं म्हणणं, सगळ्यांना सकाळी साडेदहालाच बोलावून दिवसभर बाहेर बसवून ठेवण्यापेक्षा प्रत्येक मॅटरला वेळ ठरवून द्या, आणि लांबलं तर असू दे म्हणून प्रत्येकाला थोडा जास्तीचा वेळ जोडा, झालं काम. पहिला भाग एकदम बरोबर आहे. दुसऱ्या भागात गोम आहे, आणि ती मला इतकी आवडते की लिहायलाच बसलो.

आधी एक छोटा हिशोब बघू. समजा तीन मॅटर आहेत, पहिल्याला सरासरी 15 मिनिटं लागतात म्हणून 10:30 ची वेळ, दुसऱ्याला सरासरी 30 लागतात म्हणून 10:45 ची, आणि तिसऱ्याला त्यामुळे 11:15 ची. सोमवारी पहिलं मॅटर लांबलं, 25 मिनिटं चाललं, पण दुसरं 20 मध्येच आटपलं. एकूण 45 मिनिटं, 11:15 ला तिसऱ्याचा पुकारा बरोबर वेळेवर. मंगळवारी उलटं झालं, पहिलं 5 मिनिटांत संपलं आणि दुसरं 40 मिनिटं चाललं. एकूण पुन्हा 45 च. पण या वेळी तिसऱ्याचा पुकारा झाला 11:25 ला!

10 मिनिटं कुठे गेली? पहिलं 10:35 ला संपलं तेव्हा दुसऱ्याचे पक्षकार आलेलेच नव्हते, त्यांना 10:45 सांगितलं होतं ना. म्हणजे कोर्ट 10 मिनिटं रिकामं बसलं आणि तो वेळ कायमचा गेला. उशीर पुढच्याला जसाच्या तसा मिळतो, वाचलेला वेळ मात्र पुढच्याला मिळत नाही. डेनिस लिंडले नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने 1952 साली रांगांच्या गणितात हेच एका ओळीत मांडलं:

```
W_next = max(0, W + S - A)
```

W म्हणजे या मॅटरला सुरू व्हायला झालेला उशीर, S म्हणजे ते खरंच किती चाललं, A म्हणजे त्याला दिलेला वेळ. सोमवारी 0+25−15 = 10, मग 10+20−30 = 0. मंगळवारी 0+5−15 = −10, पण max(0) मुळे ते शून्यच धरायचं, आणि मग 0+40−30 = 10. सगळी गोम त्या शून्यात आहे. म्हणूनच सरासरी अगदी अचूक काढून नुसत्या सरासरीवर बोर्ड लावलं तरी ते दुपारपर्यंत मागे पडतं, त्यात ना कुणाचा आळस ना कुणाचं वाईट नशीब.

मग जास्तीचा वेळ, म्हणजे बफर, लागतोच. पण किती आणि कुठे? इथे मैत्रिणीचा हिशोब चुकतो. सकाळचं सत्र घ्या, 10:30 ते 1:30, म्हणजे 180 मिनिटं. मॅटर चार: एक किरकोळ अर्ज सरासरी 15 मिनिटांचा, दोन युक्तिवाद प्रत्येकी 30 चे, आणि एका साक्षीदाराची उलटतपासणी 60 ची. सरासरी सोबत दुसरा आकडाही लागतो, की साधारण किती मिनिटं मागेपुढे होतं (शाळेत प्रमाण विचलन शिकलात तेच, मी इथे चढउतार म्हणतो). अर्जाचा चढउतार 5, युक्तिवादांचा 10-10, उलटतपासणीचा 30, कारण साक्षीदार काय बोलेल यावर पुढचे प्रश्न ठरतात.

सरासरींची बेरीज 135. आता प्रत्येकाला आपापल्या चढउताराएवढा बफर दिला तर 5+10+10+30 = 55, एकूण 190, सत्रात मावतच नाही. पण चारही मॅटर एकाच दिवशी लांबणार असं सहसा होत नाही, एक लांबतं तेव्हा दुसरं लवकर संपतं. त्यामुळे चढउतारांची सरळ बेरीज करायची नसते, त्यांचे वर्ग करून बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं: 25+100+100+900 = 1125, वर्गमूळ साधारण 34. एकत्र ठेवलेला बफर 34 मिनिटं, वाटून दिलेला 55. संरक्षण जवळपास तेवढंच, 21 मिनिटं मोकळी!

पण सगळा बफर सत्राच्या शेवटी ठेवला तर कोर्ट वेळेत उठेल, मधले लोक मात्र ताटकळतीलच. म्हणून मी तो दोन ठिकाणी ठेवेन. आधी क्रम: ज्यांचा चढउतार कमी ते आधी, उलटतपासणी शेवटी. ती पहिली घेतली आणि 30 मिनिटं लांबली तर मागचे तिन्ही मॅटरवाले प्रत्येकी अर्धा तास बसून राहतात, शेवटी घेतली तर मागे कुणी नाहीच. पहिल्या तिघांचा एकत्र चढउतार 25+100+100 = 225 चं वर्गमूळ, म्हणजे 15. तेव्हा वेळा अशा: 10:30, 10:45, 11:15, मग 11:45 ला 15 मिनिटांचा बफर, 12:00 ला साक्षीदार, सरासरीने 1:00 ला संपेल, पुढे 30 मिनिटं बफर. बरोबर 1:30. दोन तुकडे केल्याने 34 चे 45 झाले, ही साक्षीदाराला वेळेवर उभं करायची किंमत, आणि मला ती योग्य वाटते. 11:45 चा बफर लागला नाही तर वाया जात नाही, न्यायाधीश तेवढ्यात आधीच्या अर्जावरचा हुकूम डिक्टेट करू शकतात.

सरासरी एका ठिकाणी साफ फसवते, ते म्हणजे मॅटर ऐनवेळी तहकूब होणं किंवा तडजोड होणं. 60 मिनिटांची उलटतपासणी तीनपैकी एकदा होतच नसेल तर सरासरी निघते 40, आणि 40 मिनिटं ती कधीच चालत नाही, एकतर शून्य नाहीतर तासभर. तिथे 40 लिहू नका. 60 च लिहा आणि अर्ध्या तासाच्या सूचनेवर येऊ शकेल असं एक छोटं मॅटर राखीव ठेवा.

वर्गमूळाची ही सवलत मॅटर एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच मिळते. एकच वकील तीन मॅटरमध्ये असेल आणि तो दुसऱ्या कोर्टात अडकला तर तिन्ही एकदम लांबतात, तिथे सरळ बेरीजच करावी लागते.

सॉफ्टवेअर घेतलं की बोर्ड आपोआप सुधारेल असं सध्या छातीठोकपणे सांगितलं जातं. पण मॅटर किती वाजता सुरू झालं आणि किती वाजता संपलं हे कुणी लिहूनच ठेवत नसेल तर सॉफ्टवेअर चढउतार आणणार कुठून? वकिलाला विचारलं तर तो सगळं सुरळीत झालं तर किती लागेल तेच सांगतो. त्यापेक्षा तशाच प्रकारच्या मागच्या 20-25 मॅटरच्या नोंदी काढाव्यात. बफर बरोबर आहे का हेही नोंदींवरूनच कळतं: चढउताराएवढा बफर असेल तर सहापैकी साधारण पाच सत्रं वेळेत संपायला हवीत. तीनच संपत असतील तर मॅटरचे अंदाज कमी धरले आहेत, आणि महिनाभरात एकदाही 1:30 ओलांडलं नाही तर बफर जास्त आहे, त्यात अजून एक छोटा अर्ज बसतो.