स्प्रिंगला तार किती लागते?

समजा तुमच्या हातात एक तुटलेली स्प्रिंग आहे आणि तशीच नवी वळून घ्यायची आहे. व्हर्निअर लावून मापं घेतली. बाहेरून व्यास 20 मिमी, तारेची जाडी 2 मिमी, एकूण वेढे 10 आणि मोकळी असताना उंची 44 मिमी. आता तार किती कापायची?

बहुतेक जण पटकन असा हिशेब करतात: एक वेढा म्हणजे एक वर्तुळ, वर्तुळाचा परीघ π गुणिले व्यास, म्हणजे 3.14 × 20, त्याला 10 ने गुणायचं. उत्तर येतं 628 मिमी. रीत बरोबर आहे, पण व्यास चुकीचा घेतला. प्रत्यक्षात या स्प्रिंगला साधारण 567 मिमी तार लागते. एका स्प्रिंगमागे सहा सेंटिमीटरचा फरक पडला.

तार वाकवली की तिचा बाहेरचा पृष्ठभाग ताणला जातो आणि आतला दाबला जातो. ताणलाही जात नाही आणि दाबलाही जात नाही असा भाग तारेच्या जवळजवळ मधोमध असतो. सरळ असताना तारेची जी लांबी होती, ती वळल्यावरही याच मधल्या रेषेत कायम राहते. म्हणून परीघ काढायचा तो तारेच्या मध्यापासून समोरच्या तारेच्या मध्यापर्यंतच्या व्यासावर. याला मध्यव्यास म्हणू. बाहेरच्या व्यासातून तारेची जाडी एकदा वजा केली की तो मिळतो: 20 − 2 = 18 मिमी. आतला व्यास मोजला असेल तर जाडी एकदा मिळवायची: 16 + 2, पुन्हा 18. जाडी दोन्ही बाजूंना असते म्हणून काही जण ती दोनदा वजा करतात. तसं केलं की आतला व्यास येतो आणि तार सहा सेंटिमीटर कमी पडते. फार जाड तार फार लहान व्यासावर वळली तर ही मधली रेषा किंचित आत सरकते. पण इथे मध्यव्यास जाडीच्या नऊपट आहे, त्यामुळे तेवढा बारकावा सोडून देता येतो.

आता दुसरी शंका. स्प्रिंगचा वेढा सपाट वर्तुळ नसतो, तो चढत जातो. मग त्या चढाची लांबी कुठे धरली? हे समजायला कागद आणि लाटणं पुरे. कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापा, आडवी बाजू लांब आणि उभी बाजू आखूड. उभी बाजू लाटण्याच्या लांबीला समांतर धरून कागद गुंडाळा. तिरकी कडा लाटण्यावरून स्प्रिंगच्या तारेसारखी फिरत जाईल. कागद उलगडला की तीच कडा पुन्हा सरळ रेष होते. म्हणजे स्प्रिंगचा एक वेढा उलगडला तर तो काटकोन त्रिकोणाचा कर्ण असतो. पाया म्हणजे परीघ, आणि उंची म्हणजे एका वेढ्यापासून पुढच्या वेढ्यापर्यंतचं अंतर, ज्याला पिच म्हणतात. शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय इथे जसंच्या तसं लागू पडतं:

L = N × √((πD)² + p²)

इथे D मध्यव्यास, p पिच, N वेढ्यांची संख्या आणि L तारेची लांबी.

पिच काढताना मात्र 44 ला 10 ने भागू नका. दाबाच्या स्प्रिंगचं शेवटचं एकेक वेटोळं बहुधा शेजारच्याला चिकटवलेलं असतं आणि टोकं घासून सपाट केलेली असतात, म्हणजे स्प्रिंग सरळ उभी राहते. आपल्या स्प्रिंगची टोकं अशीच आहेत असं धरू. मग दोन्ही टोकांचे मिळून 2 वेढे बंद आणि मधले 8 उघडे. टोकांच्या जाडीचे 4 मिमी काढले की उरतात 40, त्याला 8 ने भागून पिच येते 5 मिमी.

परीघ 3.1416 × 18 म्हणजे 56.55 मिमी. पाया 56.55 आणि उंची 5 असलेल्या त्रिकोणाचा कर्ण 56.77. असे 8 वेढे म्हणजे 454.2 मिमी. बंद वेढ्यात चढ फक्त तारेच्या जाडीइतका, 2 मिमी. तिथे कर्ण 56.58, दोन वेढ्यांचे 113.2. एकूण 567.4 मिमी. चढ पूर्ण विसरून नुसता 56.55 ला 10 ने गुणलं असतं तर 565.5 आले असते. फरक दोनच मिलिमीटर! चढाची चिंता सगळ्यांना वाटते आणि व्यासाची कुणाला वाटत नाही, पण चूक खरी व्यासात होते. पिच मध्यव्यासाच्या निम्मी झाली तरी चढामुळे लांबी सव्वा टक्काच वाढते. पिच मध्यव्यासाइतकी झाली की मात्र वाढ पाच टक्क्यांवर जाते, आणि अशा ताणलेल्या, विरळ वेटोळ्याला प्रमेय वापरावंच लागतं.

हिशेब बरोबर आहे का, हे तराजू सांगतो. पोलादाच्या एका घन सेंटिमीटरचं वजन साधारण 7.85 ग्रॅम असतं. 2 मिमी जाडीच्या 567 मिमी तारेचं घनफळ 1.78 घन सेंमी, म्हणजे वजन 14 ग्रॅम. तयार स्प्रिंग घासलेली असल्याने थोडी हलकी भरेल, पण 628 मिमी तारेचे साडेपंधरा ग्रॅम नक्की भरणार नाही. तार किलोवर विकत घेणाऱ्याला हा आकडा थेट कामाचा आहे. एका किलोत 71 स्प्रिंगा निघतात, आणि बाहेरचा व्यास धरून हिशेब केला तर 64 च दिसतात.

वेढे मोजतानाही हात चुकतो. तार जिथे संपते तिथे रंगाची खूण करा आणि स्प्रिंगच्या लांबीवर सरळ रेघ ओढा. तार त्या रेघेवर परत आली की एक वेढा पुरा. शेवटचा अर्धा-पाव वेढा असेल तर तोही धरा, कारण पाव वेढा म्हणजे इथे चौदा मिलिमीटर तार.

प्रत्यक्ष वळताना अजून एक गोष्ट घडते. गजावर घट्ट वळलेली तार सोडली की थोडी उलगडते आणि व्यास वाढतो. तारेची लांबी तर बदलत नाही, म्हणून वेढे कमी होतात. 16 मिमीच्या गजावर मोजून 10 वेढे दिले आणि सोडल्यावर मध्यव्यास 18 चा 19 झाला, तर हातात साडेनऊच वेढे उरतात. म्हणून गज बारीक घ्यायचा आणि वेढे जास्त द्यायचे. वळताना मध्यव्यास 17 पडत असेल आणि सुटल्यावर 18 हवा असेल, तर 10 च्या जागी साधारण 10.6 वेढे. किती बारीक गज, हे तारेच्या कडकपणावर ठरतं, त्यामुळे एक तुकडा आधी वळून बघण्याला पर्याय नाही. त्याच तुकड्यावरून पकडीत अडकणारी टोकं किती वाया जातात हेही कळतं. तेवढी लांबी हिशेबात वेगळी मिळवायची.

हाच त्रिकोण स्प्रिंग दाबल्यावर काय होतं तेही सांगतो. दाबली की पिच घटते, म्हणजे त्रिकोणाची उंची कमी होते. कर्ण म्हणजे तार, ती तेवढीच राहते. मग पाया वाढायलाच हवा. म्हणजे दाबलेली स्प्रिंग थोडी जाड होते. आपली स्प्रिंग वेढ्याला वेढा टेकेपर्यंत दाबली तर व्यास जेमतेम 0.06 मिमी वाढतो. तीच स्प्रिंग 9 मिमी पिचची असती तर वाढ 0.2 मिमीच्या वर गेली असती. अशी स्प्रिंग 20.1 मिमीच्या भोकात मोकळी असताना सहज उतरते आणि पूर्ण दाबली की भिंतींना घासू लागते.