बँकेच्या नावाने आलेला बनावट कॉल: स्क्रीनवरचं नाव कुठून येतं, तक्रार कुठे करायची, सोबत काय लागतं

समजा कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका गूळ व्यापाऱ्याने आपल्या बँक शाखेचा 0231 ने सुरू होणारा लँडलाइन नंबर मोबाइलमध्ये ‘बँक शाहूपुरी’ या नावाने जतन केला आहे. सकाळी 11 वाजून 12 मिनिटांनी फोन वाजतो आणि स्क्रीनवर ‘बँक शाहूपुरी’ दिसतं. पलीकडचा माणूस म्हणतो, “शेठ, शाखेतनंच बोलतोय. तुमचं केवायसी आज बंद पडतंय, आलेला ओटीपी तेवढा सांगा.” नाव ओळखीचं, नंबरही शाखेचाच, म्हणून ओटीपी सांगितला जातो. 11:19 ला खात्यातून 48,500 रुपये गेल्याचा मेसेज येतो. नंतर शाखेत चौकशी केली तर तिथून कुणीच फोन केलेला नसतो, आणि शाखा खरं तेच सांगत असते.

या व्यापाऱ्याने तीन ठिकाणी कळवायला हवं. कुठे आधी आणि कुठे काय लिहायचं हे ठरवण्यासाठी ‘बँक शाहूपुरी’ ही अक्षरं स्क्रीनवर आली कशी, ते आधी पाहावं लागेल.

नाव कॉलसोबत येत नाही

आपल्याकडच्या साध्या कॉलमध्ये पलीकडून फक्त नंबर येतो. तो नंबर पोचल्यावर तुमचा मोबाइल स्वतःच्याच यादीत शोधतो आणि जुळला की तुम्ही लिहिलेलं नाव दाखवतो. जुळणी करताना तो नंबर शेवटच्या अंकांकडून पाहतो, म्हणून पुढे शून्य असो की +91, नाव तेच दिसतं. वरच्या उदाहरणातलं ‘बँक शाहूपुरी’ हे नाव ना ठगाने पाठवलं ना बँकेने. ते व्यापाऱ्याच्याच मोबाइलने लावलं.

ट्रूकॉलरसारख्या ॲपचंही असंच आहे, फक्त यादी तुमची नसून त्यांच्या सर्व्हरवरची असते आणि त्यातली बरीच नावं लोकांनी सुचवलेली असतात. तिसरा मार्ग आता येतो आहे. तो म्हणजे सीएनॅप, ज्यात सिम घेताना भरलेल्या ग्राहक अर्जावरचं नाव टेलिकॉम कंपनीच दाखवते. दूरसंचार नियामक ट्रायने त्याची शिफारस फेब्रुवारी 2024 मध्ये केली. लोकांनी सुचवलेल्या नावापेक्षा हे नाव नक्कीच भरवशाचं, कारण त्यामागे कागदपत्रं आहेत. मात्र शोध इथेही नंबरावरूनच होतो. नंबरच खोटा आला, तर त्या नंबराच्या खऱ्या मालकाचं खरं नाव खोट्या कॉलवर बसेल.

नंबर खोटा कसा पोचतो

पाकिटावर ‘प्रेषक’ म्हणून पत्ता लिहितात तसा कॉल सुरू करणाऱ्याचा नंबर हा कॉलच्या संदेशातला एक रकाना असतो. मोबाइलवरून तुम्ही कॉल लावता तेव्हा तो रकाना तुम्हाला भरता येत नाही, कंपनी सिमवरून स्वतः भरते. इंटरनेटवरून चालणाऱ्या टेलिफोन यंत्रणेत मात्र तो रकाना कॉल पाठवणारी यंत्रणा भरते. याचा प्रामाणिक उपयोगही आहे. एखाद्या कार्यालयातले पन्नास जण वेगवेगळ्या लाइनवरून बोलतात, पण समोरच्याला कार्यालयाचा एकच मुख्य नंबर दिसतो, तो याच सोयीमुळे. ठगांना हवा असतो तो परदेशातला असा पुरवठादार, जो रकान्यात काय लिहिलंय ते तपासत नाही. मग 0231 चा कुठलाही नंबर टाकून कॉल भारताकडे ढकलता येतो. दोन-तीन कंपन्यांच्या हातून फिरून तो इथे पोचला की शेवटच्या कंपनीला मूळ कुठलं हे सहज दिसत नाही.

यावर दूरसंचार विभागाने 22 ऑक्टोबर 2024 ला एक यंत्रणा सुरू केली. परदेशातून येऊन भारतीय नंबर दाखवणारे कॉल ती वाटेतच अडवते, आणि पहिल्या 24 तासांतच तिने सुमारे 1 कोटी 35 लाख कॉल अडवले. मोबाइल नंबरांच्या बाबतीत हे काम किचकट आहे, कारण दुबईला गेलेल्या माणसाचा रोमिंगवरचा खरा कॉलही बाहेरूनच येतो आणि +91 दाखवतो. लँडलाइन रोमिंगला जात नाही, त्यामुळे परदेशातून आलेला 0231 चा कॉल सरळ संशयास्पद. तरीही सगळं अडतं असं धरून चालू नये. कॉल देशातल्याच एखाद्या इंटरनेट जोडणीतून आत शिरला, तर परदेशी सीमेवरची ही चाळणी त्याला लागतच नाही.

ठगाची एक अडचण मात्र कायम राहते. त्याने नंबर उसना दाखवलेला असतो, त्या नंबरावर आलेला कॉल त्याला घेता येत नाही. म्हणून फोन ठेवून स्वतः शाखेला कॉल लावला तर तो खऱ्या शाखेतच वाजतो. नंबर पासबुकवरून पाहून लावावा, समोरच्याने सांगितलेला लावू नये. दुसरी खूण आकड्यांची. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2025 मध्ये बँकांना सांगितलं की ग्राहकांना व्यवहार व सेवेचे कॉल 1600 ने सुरू होणाऱ्या नंबरांवरूनच करावेत, आणि जाहिरातीचे 140 वरून. त्यामुळे दहा अंकी साध्या मोबाइलवरून ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याला तिथेच थांबवता येतं. पण 1600 दिसलं म्हणून ओटीपी सांगायचा नसतो. तोही शेवटी एक नंबरच.

पात्रता: कुणी कुठे जायचं

पैसे गेले असतील तर पहिला फोन सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकाला, बाकी सगळं नंतर. या क्रमांकावर तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवून रक्कम रोखण्याचा प्रयत्न होतो. ठग पैसे तासाभरात चार-पाच खात्यांतून फिरवतात, म्हणून इथे मिनिटं मोजली जातात. तीच तक्रार cybercrime.gov.in वरही नोंदवता येते.

पैसे गेले नाहीत, नुसता संशयास्पद कॉल आला, तर sancharsaathi.gov.in वरची ‘चक्षू’ ही सोय आहे. कॉल गेल्या 30 दिवसांतला हवा. चक्षूवर पैसे परत मिळत नाहीत. पैसे गेलेले असताना आधी चक्षूवर अर्ज भरत बसणारे लोक आहेत, आणि त्यात हातची वेळ जाते.

कॉल परदेशातून आला आणि नंबर भारतीय दिसला असा संशय असेल, तर त्याच संकेतस्थळावर Report Incoming International Call With Indian Number हा वेगळा पर्याय आहे. 1963 वर फोन करूनही हे कळवता येतं. कॉल बाहेरचा आहे हे कसं ओळखायचं? आवाज अर्धा-एक सेकंद मागे राहणं ही खूण सांगतात, पण ती कच्ची आहे. शाखा ‘आम्ही फोन केलाच नाही’ म्हणाली, तर नंबर बनावट होता हे पक्कं, पण कॉल परदेशातलाच होता हे त्यावरून ठरत नाही.

कागदपत्रं आणि पुरावे

cybercrime.gov.in वर ओळखपत्राची प्रत लागते: आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट यांपैकी एक, jpg किंवा png स्वरूपात, 5 एमबीच्या आत. बँकेचं नाव, व्यवहाराचा 12 अंकी क्रमांक, तारीख आणि रक्कम द्यावी लागते. हा 12 अंकी क्रमांक बँकेच्या मेसेजमध्ये किंवा यूपीआय ॲपच्या इतिहासात सापडतो. 1930 ला फोन लावण्यापूर्वी तो कागदावर उतरवून ठेवा. घटनेचं वर्णन किमान 200 अक्षरांचं हवं आणि त्यात #, @, $ अशी चिन्हं चालत नाहीत. अर्ज पुढे सरकत नसेल तर बहुतेक वेळा कारण हेच असतं.

कॉलचा पुरावा घेताना एक चूक हमखास होते. लोक कॉल यादीचा स्क्रीनशॉट काढतात आणि त्यात फक्त ‘बँक शाहूपुरी’ दिसतं, नंबर दिसतच नाही. त्या नोंदीवर बोट ठेवून तपशील उघडा आणि पूर्ण नंबर, तारीख, वेळ आणि कालावधी दिसेल असा दुसरा स्क्रीनशॉट घ्या. नंबरापुढे शून्य होतं की +91, तेही जसंच्या तसं राहू द्या, कॉल कुठल्या वाटेने आला याचा तो धागा असतो. वेळ मिनिटापर्यंत अचूक हवी, कारण पोलीस टेलिकॉम कंपनीकडून कॉलची नोंद मागवतात तेव्हा दाखवलेला नंबर बनावट असतो. खरा माग लागतो तो, त्या मिनिटाला तुमच्या नंबरावर आलेला कॉल कंपनीच्या जाळ्यात कुठल्या जोडणीतून शिरला यावरून.

याच कारणाने तक्रारीतलं एक वाक्य जपून लिहायचं. ‘शाहूपुरी शाखेच्या नंबरावरून फसवणूक झाली’ असं लिहिलं तर संशयित म्हणून शाखेचाच नंबर नोंदला जातो. त्याऐवजी असं लिहा: “दिनांक अमुक रोजी सकाळी 11 वाजून 12 मिनिटांनी माझ्या मोबाइलवर कॉल आला. स्क्रीनवर शाखेचा नंबर दिसत होता. शाखेशी संपर्क साधला असता त्यांनी असा कॉल केला नसल्याचे सांगितले. नंबर बनावट दाखवल्याचा संशय आहे.” शाखेने हे लेखी दिलं तर तेही जोडा. कोल्हापुरातल्या सहकारी बँकांत शाखाधिकाऱ्यांना थेट भेटता येतं, तेव्हा ते मागायला अवघड नाही.

बँकेत द्यायचा अर्ज

1930 ला कळवलं म्हणजे बँकेला कळवलं असं समजू नका. खातं किंवा कार्ड रोखायला बँकेच्या मदत क्रमांकावर फोन करा, मग शाखेत लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व वेळ घ्या. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमांनुसार ग्राहकाने स्वतःच ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर खात्यातून जे जाईल ते बँकेचं. सहकारी बँकांनाही त्याच वर्षी असेच नियम लागू झाले. आपल्या व्यापाऱ्याने 11:31 ला बँकेला कळवलं आणि 11:40 ला आणखी 20,000 गेले, तर त्या 20,000 ची जबाबदारी बँकेवर येते. 48,500 साठी मात्र पैसे पुढच्या खात्यात अडले का, यावरच सगळं अवलंबून राहतं. हे कडू आहे, पण नियम असाच आहे.

1930 वरची तक्रार नोंदली की पोच क्रमांक मिळतो. तो बँकेच्या अर्जावर लिहा आणि पुढे जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात किंवा जवळच्या ठाण्यात जाताना सोबत न्या. तिथे तीच हकिकत पुन्हा लिहून देताना वेळा आणि आकडे पहिल्या तक्रारीशी जुळले पाहिजेत. 11:12 चं ‘साडेअकराच्या सुमारास’ झालं, की कंपनीच्या नोंदीत शोधायचा तो कॉल सापडत नाही.