कोजागरीची आठवण आणि कोजागरीच्या दिवशीची पोस्ट: एकच मजकूर दोन्हीकडे का चालत नाही

सोसायटीच्या ग्रुपवर कार्यक्रमाआधी तीन-चार पोस्टी पडतात. बहुतेक ठिकाणी पोस्टर तेच असते, फक्त वर आधी 'उद्या' आणि मग 'आज' असे चिकटवलेले. त्यामुळे या सगळ्या एकाच माळेतल्या वाटतात. पण आठवण, म्हणजे आधी टाकलेली पोस्ट, विचारते आणि त्या दिवशीची पोस्ट सांगते. आठवणीला उत्तर हवे असते: येणार का, आणि किती जण? त्या दिवशीच्या पोस्टला उत्तर नकोच असते, ती वाचून माणसाने बरोबर वेळी बरोबर जागी यावे एवढेच तिचे काम. (वार्षिक सभेची नोटीस ही तिसरीच गोष्ट. ती उपविधींप्रमाणे पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते, ग्रुपवरच्या आठवणीवर भागत नाही.)

रत्नागिरीतली ४८ फ्लॅटची सोसायटी धरू. कोजागरी रविवारी आहे, गच्चीवर मसाला दूध ठरले आहे. आठवणींचे वेळापत्रक कार्यक्रमावरून मागे मोजायचे नाही, दुधावरून मोजायचे. दूधवाल्याला शनिवारी दुपारपर्यंत आकडा हवा. म्हणजे नावे शुक्रवारी रात्री ९ वाजता बंद. म्हणून पहिली पोस्ट आदल्या शनिवारी आणि दुसरी गुरुवारी संध्याकाळी. आठवणी दोनच. तिसरी टाकली की लोक पहिल्या दोन वाचायचे सोडून देतात.

आठवण अशी असावी:

नमस्कार मंडळी. कोजागरी, रविवारी रात्री. आपल्या घरातून किती जण येणार ते खालच्या लिंकवर भरा. येणार नसाल किंवा गावात नसाल, तरी तसे भरा. शुक्रवारी रात्री ९ नंतर लिंक बंद होईल, कारण शनिवारी दूध सांगायचे आहे.

यात नेमकी वेळ नाही, जागा नाही, काय घेऊन यायचे ते नाही. हे मुद्दाम. आठ दिवसांत यातले काहीही बदलू शकते, आणि जुनी पोस्ट ग्रुपवर तशीच राहते. कोणीतरी तीच उचलून घरच्यांना फॉरवर्ड करतो आणि घरचे जुन्या वेळेला हजर होतात. बंद होण्याची वेळ मात्र कारणासकट लिहावी. नुसते 'लवकर भरा' लिहिले की लोक सवडीने भरतात. दूध सांगायचे आहे म्हटले की कळते.

लिंक मजकुरात हवी, पोस्टरवर छापलेली नको. चित्रातल्या लिंकवर बोट दाबून काही उघडत नाही, हे अजून अनेक सांस्कृतिक समित्यांच्या लक्षात आलेले नाही.

गुगल फॉर्ममध्ये प्रश्न तीनच: फ्लॅट क्रमांक, येणार का, किती जण. तिन्हींची उत्तरे यादीतून निवडायची ठेवा. संख्या हाताने लिहू दिली तर कोणीतरी '४ + १ लहान' लिहितो. शीटमधली SUM अशी नोंद मजकूर समजून सोडून देते, आणि पाच माणसे बेरजेतून गुपचूप गळतात. एका माणसाने एकदाच भरण्याची अट फॉर्ममध्ये घालता येते, पण मग गुगलचे लॉगिन लागते आणि आजी-आजोबा तिथेच अडकतात. अट नकोच. त्याऐवजी एकाच फ्लॅटच्या दोन नोंदी शोधाव्यात, कारण नवरा आणि बायको दोघेही भरतात. फ्लॅट क्रमांक B स्तंभात असेल तर शेजारच्या मोकळ्या स्तंभात हे टाकून खाली ओढा:

```
=COUNTIF(B:B,B2)
```

जिथे १ पेक्षा मोठा आकडा दिसेल, तिथे त्या फ्लॅटची शेवटची नोंद खरी धरा.

आता आकडे. पहिल्या पोस्टनंतर २२ फ्लॅटची उत्तरे आली. दुसऱ्या पोस्टमध्ये आठवणीखाली एक ओळ वाढवली: '२२ घरांचे उत्तर आले, २६ बाकी.' कोणाचे बाकी ते लिहू नये. फ्लॅट क्रमांकांची यादी लावली की ती मेंटेनन्स थकबाकीच्या यादीसारखी दिसते आणि लोक बिथरतात. शुक्रवारी रात्री ३६ उत्तरे झाली: ३१ हो, ५ नाही, माणसे १०४. उरलेल्या १२ फ्लॅटना शनिवारी सकाळी फोन. आपल्याकडे यातले निम्मे बंद घरच निघते, मालक मुंबईला आणि ग्रुपवर मात्र हजर. सहा बंद, तीन नाही, तीन हो, म्हणजे आणखी ८ माणसे. एकूण ११२.

माणशी १५० मिली धरले तर १६.८ लिटर. आटवताना पाचवा भाग जातो, म्हणून कच्चे दूध २१ लिटर. वर दोन लिटर राखीव, ते आटून साधारण दहा पेले होतात. एकूण २३ लिटर सांगितले.

हे झाल्यावर रविवारच्या पोस्टमध्ये पुन्हा तीच लिंक गेली तर काय होते? लिंक दिसली की लोक भरतात. दुपारी काही घरांनी आणखी २६ माणसे भरली, तर राखीव वापरूनही तीन लिटर दूध कमी पडते, आणि कोजागरीच्या दुपारी ते ऐनवेळी मिळणे कठीण. दुसरीकडे, ज्याने आधी भरले नव्हते त्याला लिंक पाहून वाटते की नाव दिल्याशिवाय येता येणार नाही, आणि तो घरीच बसतो. म्हणून शुक्रवारी रात्रीच फॉर्ममधले 'Accepting responses' बंद करायचे आणि जुन्या लिंकवर येणाऱ्यांसाठी तिथे संदेश ठेवायचा: 'नावे बंद झाली. यायचे असेल तर विंग प्रतिनिधीला फोन करा.'

रविवारची पोस्ट दुपारी ४ वाजता, एकदाच. सकाळी टाकली तर जागा नक्की सांगता येत नाही. ऑक्टोबरात परतीचा पाऊस संध्याकाळी गडगडाटासह येऊ शकतो, आणि विजा चमकत असताना मोकळ्या गच्चीवर माणसे नकोत. ढग बघून चार वाजता ठरवावे आणि ठरलेलेच लिहावे:

आज कोजागरी. जागा बदलली आहे: गच्ची नाही, तळमजल्याचे पार्किंग. रात्री ९ वाजता. दूध १० पासून. बसायला चटई आणि आपापले पेले आणा. पार्किंगमधल्या गाड्या ८ पर्यंत बाहेर काढा. लाइट गेली तरी कार्यक्रम होईल. नाव द्यायचे राहिले असेल तरी या.

यात 'पाऊस आल्यास' नाही. तसे लिहिले की निम्मे गच्चीवर आणि निम्मे पार्किंगमध्ये जमतात, आणि लिफ्ट बंद असेल तर वरचे खाली यायला तयार नसतात. बदल झाला असेल तर तो पहिल्या ओळींत हवा, कारण फोनवरच्या सूचनेत तेवढेच दिसते. शेवटचे वाक्य त्या राखीव दोन लिटरच्या भरवशावर आहे. राखीव ठेवले नसेल तर ते लिहू नये.

पोस्ट टाकल्यावर चूक दिसली तर? व्हॉट्सॲपवर मजकूर १५ मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो, पण दुरुस्तीची सूचना कोणाला जात नाही. ज्याने आधीच वाचले त्याच्या डोक्यात चुकीची वेळच राहते. आठवणीत शब्द चुकला तर दुरुस्ती चालते. रविवारच्या पोस्टमध्ये वेळ किंवा जागा चुकली तर ती सगळ्यांसाठी डिलीट करून नवी टाकावी, आणि नवीची सुरुवात 'आधीची पोस्ट चुकली होती' अशी करावी. मग ती २४ तासांसाठी पिन करावी आणि आठवणीची जुनी पिन काढावी. दोन्ही पिन राहिल्या तर रात्री सव्वानऊला कोणीतरी बंद लिंक उघडून विचारतोच, "अहो, फॉर्म का उघडत नाही?"