फोनच्या जीपीएसने शेतमोजणी

फोन हातात धरून बांधावरून पूर्ण फेरी मारायची आणि वाटेत नोंदल्या गेलेल्या बिंदूंवरून शेताची परिमिती व क्षेत्रफळ काढायचे, अशी ही पद्धत आहे. नांगरणी, मळणी किंवा फवारणीचे एकरी पैसे ठरवताना ती कामी येते. हद्दीचा वाद मात्र तिने सुटत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून घ्यावी लागते.

मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनची चूक साधारण पाच मीटरपर्यंत असते. त्यावरून एकरभर रान मोजणे व्यर्थ वाटेल, पण तसे नाही. या चुकीचा मोठा भाग सावकाश बदलतो. एकराची फेरी चार-पाच मिनिटांत होते आणि तेवढ्यात बहुतेक बिंदू एकाच दिशेला सारखेच सरकतात. नकाशावर शेत शेजाऱ्याच्या रानात घुसलेले दिसते, क्षेत्रफळ मात्र जवळपास तेच राहते. घात होतो तो फेरीच्या मध्येच चूक बदलली तर: बांधावरचा दाट आंबा किंवा पत्र्याची शेड आली की रेघ एकदम बाहेर फेकली जाते. सुरुवातीच्या दगडावर परत येऊनही रेघेची दोन टोके जुळली नाहीत, तर चूक फेरीतच बदलली असे समजावे.

शेताचा आकारही महत्त्वाचा. एक एकर म्हणजे 40 गुंठे, सुमारे 4,047 चौरस मीटर. चौरस शेताची बाजू 63.6 मीटर येते. चारी बाजूंनी बांध सोडून एक मीटर आतून चालले तर अडीच गुंठे कमी भरतात. तेच एकर वाटण्या होऊन 20 मीटर रुंद आणि 202 मीटर लांब पट्टी झाले असेल, तर तेवढ्याच हलगर्जीने जवळजवळ साडेचार गुंठे जातात. पट्टीचा एकच कोपरा रुंदीच्या दिशेने तीन मीटर चुकला तरी तीन गुंठ्यांचा फरक पडतो. उपग्रहांना दोष देण्याआधी आपण बांधाच्या कोणत्या कडेने चाललो ते पाहावे.

परिमितीचा आकडा त्याहून कमी भरवशाचा. सरळ चाललो तरी नोंदलेली रेघ नागमोडी येते आणि लांबी फुगते. कोपऱ्यावर गप्पा मारत थांबलो तर तिथे बिंदूंचा गुंता होऊन परिमिती आणखी वाढते. क्षेत्रफळाला त्याने फारसा धक्का लागत नाही. म्हणून बाजू सरळ असतील तर सतत नोंद न घेता प्रत्येक कोपऱ्यावर थोडे थांबून एकेकच बिंदू घ्यावा. बांध वाकडा असेल तर वळणावरही घ्यावा.

उतारावर टेपने मोजलेली लांबी जास्त भरते, कारण टेप जमिनीलगत जातो; जीपीएस सपाट नकाशावरचे क्षेत्र देते, आणि सातबाऱ्यावरचे क्षेत्रही तसेच असते. तरी दोन्ही आकडे जुळतीलच असे नाही. सातबाऱ्याच्या एकूण क्षेत्रात पोटखराबाही धरलेला असतो. लागवडीच्या कडेने फेरी मारली तर ओढा, खडकाळ तुकडा आणि बांधाची रुंदी बाहेरच राहते, त्यामुळे आकडा कमी आला म्हणजे शेजाऱ्याने बांध कोरला असे लगेच ठरत नाही.